सूत कधी मागवायचं: वारावर की पातळीवर?

सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायला बसलेल्या नव्या माणसाला सूत किती मागवायचं ते मालक किंवा जुना मुनीम सांगतो. कधी मागवायचं, हे मात्र ठिकाणोठिकाणी वेगळं असतं. काही कारखान्यांत ते वार ठरवतो. सोमवार उजाडला की गोडाऊनमध्ये फेरी मारायची, शिल्लक मोजायची आणि गिरणीला फोन लावायचा. काही ठिकाणी ते शिल्लक ठरवते. वार कोणताही असो, साठा अमुक बॅगांच्या खाली आला की त्याच दिवशी ऑर्डर जाते.

पहिल्या पद्धतीला साठ्याच्या शास्त्रात पिरिऑडिक रिव्ह्यू म्हणतात आणि दुसरीला कंटिन्युअस रिव्ह्यू. या लेखात मी त्यांना वारावरची आणि पातळीवरची पद्धत म्हणणार आहे. वारावरच्या पद्धतीत दिवस ठरलेला असतो आणि ऑर्डरचा आकडा दर वेळी बदलतो. पातळीवरच्या पद्धतीत आकडा ठरलेला असतो आणि दिवस बदलतो. बाकीचे सगळे फरक यातूनच निघतात.

कॉम्प्युटर असेल तर पातळीवरची आणि वही असेल तर वारावरची, असा सल्ला बऱ्याचदा ऐकू येतो. तो मला पटत नाही. निवड दोन गोष्टींवर करावी: माल आपल्यापर्यंत कसा येतो, आणि स्टोअरमधून बाहेर जाणारा माल नेमका कधी लिहिला जातो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या मध्यम टॉवेल कारखान्याचं उदाहरण घेऊन हे पाहू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. रीत तीच ठेवून तुमचे आकडे घाला.

पायरी १: शिल्लक म्हणजे काय, ते आधी ठरवा

गोडाऊनमध्ये दिसतात त्या बॅगा म्हणजे शिल्लक, असं धरलं तर दोन्ही पद्धती चुकतात. ऑर्डर ठरवताना लागणारा आकडा तीन नोंदींमधून येतो: हातातला माल, वाटेतला माल आणि शब्द दिलेला माल.

```
खरी शिल्लक = हातातला + वाटेतला − शब्द दिलेला
```

वाटेतला म्हणजे ऑर्डर गेली आहे पण गाडी अजून दारात लागलेली नाही, असा सगळा माल. गिरणीने बिल केलं की नाही, बिल्टी आली की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. फोनवर सौदा पक्का झाला की तो वाटेतला. शब्द दिलेला म्हणजे जॉबवर्क करणाऱ्या बाहेरच्या मागवाल्याला पाच बॅगा द्यायच्या ठरल्या आहेत आणि त्याचा टेम्पो उद्या येणार आहे. त्या पाच बॅगा आज गोडाऊनमध्ये दिसतात, पण त्या आपल्या राहिलेल्या नाहीत.

पातळीवरच्या पद्धतीत नवा माणूस हमखास इथे अडतो. समजा पातळी ३१ बॅगांची आहे. मंगळवारी संध्याकाळी शिल्लक ३० झाली, म्हणून ३६ बॅगांची ऑर्डर गेली. बुधवारी संध्याकाळी गोडाऊनमध्ये २५ उरल्या. आकडा पातळीच्या खालीच आहे.

‘अण्णा, सूत पातळीच्या खाली आहे. गिरणीला सांगू का?’

‘काल सांगितलंस ना? मग तुझ्याकडे पंचवीस नाहीत, एकसष्ट आहेत.’

मुनीम अण्णांचं उत्तर बरोबर आहे. २५ हातात आणि ३६ वाटेत. ही बेरीज न करणाऱ्या स्टोअरमध्ये एकाच गरजेसाठी दोनदा ऑर्डर जाते, आणि मग महिनाभर सुताच्या थप्प्यांमधून वाट काढत फिरावं लागतं.

पायरी २: रोजचा खप आणि त्यातला चढउतार काढा

मागच्या तीसेक कामाच्या दिवसांच्या इश्यू स्लिपा घ्या. एका नंबरच्या सुताच्या रोज किती बॅगा बाहेर गेल्या, ते एका रकान्यात लिहा. रविवारी माग बंद असतील तर रविवार धरायचा नाही. ज्या दिवशी सूतच नव्हतं म्हणून कमी गेलं, तो दिवसही वगळा. त्या दिवशीचा आकडा गरज दाखवत नाही, टंचाई दाखवतो.

एक्सेलमध्ये त्या रकान्याची सरासरी `AVERAGE` ने मिळते आणि चढउतार `STDEV.S` ने. चढउतार म्हणजे रोजचा आकडा सरासरीपासून साधारण किती इकडेतिकडे होतो ते माप. आपल्या उदाहरणात बाण्याच्या, म्हणजे आडव्या धाग्याच्या, एका नंबरचं सूत घेऊ. सरासरी खप रोज ६ बॅगा, चढउतार २ बॅगा. एक बॅग ५० किलोची. सूत तमिळनाडूतल्या गिरणीकडून येतं आणि ऑर्डर दिल्यापासून चौथ्या दिवशी दारात लागतं. सोमवारी सकाळी सांगितलं तर शुक्रवारी सकाळी उतरतं.

बाण्याचं सूत मुद्दाम निवडलं आहे. ते मागांवर रोज थोडंथोडं जातं. ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्याचं, तसं नाही. वॉर्पिंगला बीम चढला की एकदम आठ-नऊ बॅगा जातात आणि पुढचे दोन दिवस काहीच जात नाही. त्याचा हिशेब थोडा वेगळा पडतो, तो पुढे येईल.

पायरी ३: पातळीवरच्या पद्धतीचा हिशेब

ऑर्डर गेल्यापासून गाडी येईपर्यंत चार दिवस जातात. त्या चार दिवसांत २४ बॅगा लागतील, हे सरासरीने. पण कधी ३० लागतील. त्या जास्तीच्या गरजेसाठी जो साठा बाजूला धरायचा, त्याला सुरक्षा साठा म्हणतात.

```
सुरक्षा साठा = १.६५ × रोजचा चढउतार × √(दिवस)
```

यातला १.६५ हा आकडा १०० पैकी साधारण ९५ वेळा सूत पुरावं, या अपेक्षेचा आहे. अपेक्षा ९८ केली तर तो २.०५ होतो. वर्गमूळ कशासाठी? सगळे दिवस एकाच वेळी जास्त खपाचे नसतात. एक दिवस जास्त जातं, दुसऱ्या दिवशी कमी जातं, आणि थोडं आपोआप फिटतं. म्हणून दिवस चौपट झाले तरी अनिश्चितता दुप्पटच होते.

चार दिवसांसाठी १.६५ × २ × २ म्हणजे ६.६, धरा ७ बॅगा. पातळी झाली २४ + ७ = ३१. खरी शिल्लक ३१ ला आली की ३६ बॅगांची ऑर्डर द्यायची. ३६ म्हणजे एका आठवड्याचा खप.

पायरी ४: वारावरच्या पद्धतीचा हिशेब, आणि इथेच गोम आहे

आता तेच सूत दर सोमवारी मागवायचं ठरवू. गाडीला तेच चार दिवस लागतात. पहिल्यांदा हिशेब करणारा माणूस सुरक्षा साठा पुन्हा चार दिवसांचाच धरतो आणि दोन-तीन महिन्यांत कधीतरी त्याचे माग बसतात.

कॅलेंडर समोर घ्या. या सोमवारी सकाळी ऑर्डर दिली. मंगळवारी अचानक दहा बॅगा गेल्या. तुम्ही ते पाहिलं, पण ऑर्डरचा वार सोमवार आहे. पुढच्या सोमवारी तुम्ही वाढवून मागवाल आणि ते सूत त्यानंतरच्या शुक्रवारी येईल. म्हणजे या सोमवारी जे ठरवलं, त्यावरच पुढच्या आठवड्याच्या गुरुवार संध्याकाळपर्यंत निभवायचं आहे. या आठवड्याचे सहा दिवस आणि पुढच्याचे चार, असे दहा दिवस. वारावरच्या पद्धतीत दोन पाहण्यांमधले दिवस आणि गाडीचे दिवस यांची बेरीज धरावी लागते. पातळीवरच्या पद्धतीत फक्त गाडीचे.

दहा दिवसांचा खप ६० बॅगा. सुरक्षा साठा १.६५ × २ × √१०, म्हणजे १०.४, धरा ११. दोन्ही मिळून ७१. याला वरची रेघ म्हणू. दर सोमवारी खरी शिल्लक काढायची आणि ७१ मधून वजा करायची. हातात २७, वाटेत काही नाही, पाच बॅगांचा शब्द दिलेला: खरी शिल्लक २२, ऑर्डर ४९.

मागच्या आठवड्याची गाडी अडकली असेल तर हीच वजाबाकी डोकं शांत ठेवायला मदत करते. समजा सोमवारी हातात फक्त ९ बॅगा आहेत आणि ३८ बॅगांची गाडी अजून आलेली नाही. घाबरलेला माणूस ७१ मधून ९ वजा करून ६२ मागवतो. खरी शिल्लक ४७ आहे, म्हणून ऑर्डर २४ चीच. अडकलेल्या गाडीचा उपाय ट्रान्सपोर्टवाल्याला फोन करणं हा आहे. ऑर्डर वाढवून ती लवकर येत नाही.

पायरी ५: जास्तीच्या चार बॅगांची किंमत आणि गाडीभाडं

दोन्ही पद्धतींत साधारण आठवड्याला ३६ बॅगा येतात, म्हणून रोजच्या वापराचा साठा सारखाच राहतो. फरक सुरक्षा साठ्याचा आहे: ७ च्या जागी ११. वारावर मागवण्यासाठी चार बॅगा कायमच्या जास्त ठेवाव्या लागतात.

सूत किलोला २४० रुपये धरलं तर बॅग १२,००० रुपयांची. कारखान्यात सुताचे तीन नंबर चालतात आणि तिन्हींचा खप सारखाच आहे असं हिशेबापुरतं धरू. मग जास्तीच्या बॅगा १२ आणि त्यात अडकलेले पैसे १,४४,००० रुपये. बँकेच्या सीसी कर्जाचं व्याज १२ टक्के धरलं तर वर्षाला १७,२८० रुपये.

आता दुसरी बाजू. पातळीवर मागवलं तर तिन्ही नंबर आपापल्या वेळी पातळीला येतात. एक मंगळवारी, दुसरा गुरुवारी, तिसरा शनिवारी. प्रत्येकाच्या ३६ बॅगा, म्हणजे १,८०० किलो, पार्ट लोडमध्ये वेगवेगळ्या येणार. सोमवारी तिन्ही एकदम मागवले तर १०८ बॅगा होतात, साडेपाच टनांच्या आसपास, आणि एक गाडी भरते. पार्ट लोडला बॅगेमागे १५० रुपये आणि भरलेल्या गाडीत ११० पडत असतील तर बॅगेमागे ४० वाचले. वर्षाचे कामाचे दिवस ३०० धरले तर तिन्ही नंबर मिळून ५,४०० बॅगा, म्हणजे २,१६,००० रुपये.

१७ हजार घालून दोन लाख वाचतात. अशा सुतासाठी वारावरची पद्धतच बरी, आणि त्याचं कारण सगळा माल एकाच गाडीतून येतो एवढंच आहे. हाच हिशेब उलटा मांडला तर निर्णयाचा आकडा मिळतो: १७,२८० भागिले ५,४०० म्हणजे बॅगेमागे ३ रुपये २० पैसे. भाड्यात, हमालीत आणि फोन-बिलाच्या कटकटीत मिळून बॅगेमागे त्याहून जास्त वाचत असेल तर वार धरा. सूत गावातल्याच व्यापाऱ्याकडून येत असेल, तोच टेम्पो रोज येत असेल आणि भाड्यात काहीच वाचत नसेल, तर निकाल उलटा लागतो.

गाडी कधी तीन दिवसांत तर कधी पाच दिवसांत येते, त्याचं काय? तोही चढउतार हिशेबात घेता येतो:

```
सुरक्षा साठा = १.६५ × √(दिवस × चढउतार² + खप² × गाडीचा चढउतार²)
```

गाडी साधारण एका दिवसाने मागेपुढे होते असं धरलं तर पातळीवरच्या पद्धतीत सुरक्षा साठा ७ वरून १२ होतो आणि वारावरच्या पद्धतीत ११ वरून १५. दोन्ही वाढले, पण दोघांतलं अंतर चारवरून तीन बॅगांवर आलं. लांबून येणाऱ्या आणि बेभरवशाच्या गाडीपुढे पाहणीचा वार हा किरकोळ प्रश्न ठरतो. असे ट्रान्सपोर्टवाले असतील तर पद्धत बदलण्याआधी ट्रान्सपोर्ट बदला.

पातळी कुठे धरावी

डाइंग स्वतःची असेल तर रंगांचं कपाट बघा. एखादा रंग रोज सरासरी ३ किलो लागतो, चढउतार २ किलो, आणि गावातला व्यापारी आज सांगितलं की उद्या डबा पोहोचवतो. इथे गाडीचा एकच दिवस. पातळीवर सुरक्षा साठा ३.३ किलो येतो. आठवड्याच्या वारावर सात दिवस धरावे लागतात आणि तो ८.७ किलो होतो, अडीच पटींहून जास्त. सुतात हे प्रमाण दीड पटीच्या आसपास होतं. माल यायला महिना लागत असेल, ३० दिवस आणि पाहणीचे ६, तर दोन्हींत जेमतेम दहा टक्क्यांचा फरक उरतो.

नियम असा निघतो: माल जितका झटपट मिळतो, तितकी वाराची वाट बघणं महाग पडतं. शेजारच्या दुकानात मिळणारी वस्तू आठवड्यातून एकदाच बघायची आणि त्यासाठी कपाट भरून ठेवायचं, यात काही अर्थ नाही. शिवाय रंगाला ओल लागली तर तो वाया जातो, हे वेगळंच.

रंगासाठी कॉम्प्युटरही लागत नाही. दोन डबे ठेवा. मागच्या डब्यात पातळीएवढा रंग, आपल्या उदाहरणात ३ + ३.३ म्हणजे ६.३, धरा ७ किलो, आणि त्यावर झाकणाला बांधलेली चिठ्ठी: रंगाचं नाव, किती मागवायचं, व्यापाऱ्याचा फोन. पुढचा डबा संपला आणि मागचा उघडला, की चिठ्ठी सोडवून ऑफिसात द्यायची. ही पातळीवरची अगदी शुद्ध पद्धत आहे, कारण पाहणी वापरणाऱ्याच्या हातूनच होते. नवा माल आला की आधी मागचा डबा भरायचा आणि चिठ्ठी परत बांधायची. ही व्यवस्था मोडते ती चिठ्ठी खिशात राहिल्यामुळे. म्हणून ऑफिसात एका खिळ्याला सगळ्या चिठ्ठ्या अडकवतात, आणि ऑर्डर गेली की ती दुसऱ्या खिळ्यावर जाते. दुसरा खिळा म्हणजे वाटेतला माल.

मागाचे सुटे भाग आणखी वेगळे. रोज लागणारा व्ही-बेल्ट गावात मिळतो, त्याला दोन डब्यांचीच रीत पुरते. पण रेपियर मागाचं एखादं इलेक्ट्रॉनिक कार्ड यायला तीन आठवडे लागतात, ते महाग असतं, वर्षातून एखाददुसऱ्यांदाच जळतं आणि जळलं की माग उभा राहतो. तिथे सरासरी-चढउताराचं सूत्र निरुपयोगी आहे. एक कार्ड कपाटात ठेवायचं आणि ते काढलं त्याच तासाला दुसऱ्याची ऑर्डर द्यायची. यात सोमवारची वाट बघितली तर तीन आठवड्यांचे चार होतात.

पातळी कागदावर आणि पातळी खरी

टॅलीत प्रत्येक वस्तूची रिऑर्डर लेव्हल भरता येते, आणि ती भरली की आपण पातळीवरची पद्धत सुरू केली असं वाटायला लागतं. प्रश्न असा विचारा: इश्यू स्लिप कॉम्प्युटरमध्ये कधी चढते?

सूत बाहेर जाताना चढत असेल तर पातळी खरी. संध्याकाळी एकदा चढत असेल तर तुमची पद्धत एक दिवसाच्या वाराची झाली, कारण दिवसभरात शिल्लक पातळीखाली गेली तरी ती संध्याकाळीच कळते. तिथे चारऐवजी पाच दिवस धरलेले बरे: ३० अधिक सुरक्षा साठा ८, पातळी ३८. आणि सगळ्या स्लिपा शनिवारी एकदम चढवल्या जात असतील, तर ती सरळसरळ आठवड्याची पाहणी आहे. हिशेबात मात्र पातळी ३१ ची ठेवलेली. अशा कारखान्यात सूत संपतं तेव्हा सगळे गिरणीला दोष देतात. गाडी वेळेवर येत असते, ऑर्डर उशिरा गेलेली असते.

हे ओळखायची सोपी खूण आहे. गेल्या पाच-सहा ऑर्डरी काढा आणि प्रत्येक ऑर्डर गेली त्या क्षणी खरी शिल्लक किती होती ते लिहा. पातळी ३१ असेल आणि आकडे ३०, २९, ३१ असे असतील तर ठीक. २२, १८, २५ असे असतील तर पातळी फक्त कागदावर आहे. अशा वेळी रोजची नोंद करवून घेणं जमणार नसेल तर खुशाल वारावर जा. आठवड्यातून एकदा नीट मोजलेला साठा हा रोज चुकीचा दिसणाऱ्या आकड्यापेक्षा चांगला.

ताण्याच्या सुताचा वेगळा हिशेब तो हाच. शिल्लक ३३ आहे, पातळी ३१. एक बीम चढला, ९ बॅगा गेल्या, शिल्लक थेट २४. पातळी ओलांडली नाही, उडी मारून पार केली, आणि चार दिवसांची वाट सात बॅगा कमी असतानाच सुरू झाली. म्हणून एकदम मोठा माल उचलला जातो तिथे पातळीत एका उचलीच्या निम्म्या तरी, म्हणजे चार-पाच बॅगा, वाढवा. त्याहून बरं म्हणजे वॉर्पिंगचा आठवड्याचा कार्यक्रम आधी घ्या आणि त्या बीमच्या बॅगा शब्द दिलेल्या मालात लिहा.

जानेवारीतला सोमवार

वारावरच्या पद्धतीची खरी परीक्षा सुट्ट्यांना होते. आपल्याकडे संक्रांतीला सिद्धेश्वरांची यात्रा असते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या दिवसांत माग बंद असतात, गड्ड्याच्या गर्दीत कामगारही दोन दिवस इकडेतिकडे होतात. त्याच सुमाराला तमिळनाडूत पोंगल असतो, आणि तिकडच्या गिरण्यांचे कामगार गावी जातात. एक सोमवार हातचा जातो आणि नंतरची गाडीही रेंगाळते.

तेव्हा ७१ ची रेघ चालत नाही. पोंगलच्या आधीच्या सोमवारी नवी रेघ काढा. मोजायचे ते माग चालणारे दिवस. एक सोमवार गेला म्हणून दोन पाहण्यांमधले दिवस १२, त्यातले इथल्या यात्रेचे २ वजा, राहिले १०. गाडीचे ४ दिवस, गिरणीच्या खोळंब्याचे २ अधिक, झाले ६. एकूण १६ दिवस. खप ९६, सुरक्षा साठा १.६५ × २ × ४ म्हणजे १३.२, धरा १४. रेघ ११० ची. हे फक्त त्या एका ऑर्डरपुरतं. त्यानंतरच्या पाहणीला परत ७१. परत आणायला विसरलं की फेब्रुवारीभर गोडाऊन तुंबलेलं राहतं.

दिवाळीलाही हेच करायचं, दिवस मात्र कामगारांची सुट्टी बघून नव्याने मोजायचे.

मधली वाट, आणि जिथे दोन्ही नकोत

छापील पॉलिथिन पिशव्या आणि लेबलं यांची अडचण निराळी असते. छापणारा लहान ऑर्डर घेत नाही. दर सोमवारी रेघेपर्यंत भरत बसलं तर आज चारशे, उद्या सहाशे पिशव्या मागवाव्या लागतील आणि तो ऐकणार नाही. तिथे सोमवारीच बघायचं, पण खालची एक पातळी ठेवायची. शिल्लक तिच्या वर असेल तर या सोमवारी ऑर्डर नाही, खाली असेल तर वरच्या रेघेपर्यंत एकदम मागवायचं. खालची पातळी काढताना पाहणीचे आणि मालाचे दिवस मिळूनच धरा. पाहणी वाराची आहे, त्यामुळे दोन्ही दिवसांच्या बेरजेचा नियम इथेही लागतो.

एका मालासाठी या सगळ्या पद्धती बाजूला ठेवा. निर्यातीची एखादी ऑर्डर येते, तिला विशिष्ट नंबरचं किंवा रंगवलेलं सूत लागतं आणि ते पुन्हा लागेलच असं नसतं. त्या सुताला सरासरी खप नाही, म्हणून पातळीही नाही आणि रेघही नाही. टॉवेलांची संख्या, एका टॉवेलचं वजन आणि वाया जाणारं सूत यांवरून किलो काढायचे, माग लागायच्या तारखेपासून गाडीचे दिवस मागे मोजायचे आणि एकदाच मागवायचं. असं सूत चुकून नेहमीच्या यादीत राहिलं तर कॉम्प्युटर वर्षभर ते मागवायला सांगत राहतो.

बसवलेली पद्धत चालते की नाही

बिन कार्डावर एक रकाना वाढवा: गाडी दारात लागली तेव्हा हातात किती बॅगा होत्या. दोन्ही पद्धतींना हा एकच रकाना पुरतो. हा आकडा सरासरीने सुरक्षा साठ्याच्या जवळ असायला हवा. गाडी साधारण वेळेवर येत असेल तर पातळीवरच्या बाण्याच्या सुतात ७ च्या आसपास, वारावरच्या सुतात ११ च्या आसपास. एखाद्या वेळी २ दिसले किंवा १८ दिसले तर हात लावू नका, चढउतार म्हणतात तो हाच. दहा गाड्यांमध्ये दोनदा शून्य आलं तर रेघ कमी पडते आहे. दहाही वेळा वीसच्या वर असेल तर रेघ उंच आहे, पाच-सहा बॅगांनी खाली आणा आणि आणखी दहा गाड्या बघा.

रेघ खाली आणण्याआधी मात्र खप परत काढा. माग कमी चाललेत म्हणून साठा जास्त दिसत असेल तर तीस दिवसांची नवी सरासरीच आधी घालायला हवी, आणि सुरक्षा साठा त्यानंतर.